आठची आणि सहाची

माझे बाबा आर्णीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून, समोरच्या माइकवर, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचे. घरात अगदी कमी बोलणारा माणूस, पण माइक समोर आला की आवाजाला धार यायची. आमची शाळा स्टँडच्या मागेच होती. गणिताच्या तासाला खिडकीतून तो आवाज आत यायचा आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. मी मान खाली घालायची. तेव्हा मला त्या आवाजाची लाज वाटायची, हे आज लिहून ठेवते.

गाडी सुटल्यावर धापा टाकत आलेल्या माणसाला ते एकच उत्तर द्यायचे. "गेली. आता सहाची." त्यात राग नसायचा, दयाही नसायची. एखादी बाई रडकुंडीला येऊन म्हणायची, साहेब, फक्त दोन मिनिटं झाली हो. बाबा घड्याळाकडे बोट दाखवायचे. वेळेवर न येणाऱ्याशी भांडायचं नाही आणि वेळेच्या आधी काही मागायचं नाही, हा त्यांचा स्वभाव आणि हीच त्यांची नोकरी. या दोन्हीत फरक करणं आम्हाला कधी जमलं नाही.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. हातापायात थोडीफार ताकद परत आली, काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागले. बोलणं मात्र आलंच नाही. समजत होतं सगळं. तोंड उघडायचे आणि एकच "आँ" निघायचा. लिहिता येईल म्हणून पाटी दिली, तर अक्षरंही गेली होती. आकडे तेवढे राहिले होते. घड्याळ बघता येत होतं, तारीख ओळखता येत होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मेंदूत दोघांची घरं वेगळी असतात. मला वाटलं, कंट्रोलरच्या मेंदूत आकड्यांचं घर जरा पक्कंच बांधलेलं असणार.

मी तेव्हा यवतमाळला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. अजूनही शिकवते. एकटीच राहते. आर्णीला जायला सव्वा तास लागतो आणि मी महिन्यातून दोनदा जायची. आईकडे साधा बटणांचा फोन. तिला फोन केला की ती सांगायची, "जेवले. झोपले. आता टीव्ही पाहून राह्यले." तीन वाक्यांत बाबा संपायचे.

त्या दिवाळीत मी नवा आयफोन घेतला आणि जुना बाबांना दिला. आई वैतागली. "बोलता येत नाही त्या माणसाले अन् तू फोन देऊन राह्यली! कायले?" पण मी वेगळाच विचार केला होता. मेसेजचं ॲप त्यांना आधी दाखवून पाहिलं होतं. नावं वाचता येत नसल्यामुळे कुणाला काय जाईल याचा नेम नव्हता. सुकत घातलेल्या लुंगीचा फोटो सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. म्हणून मी फोनमध्येच आमच्या दोघांचा एक शेअर्ड अल्बम केला. त्यात बाबांनी फोटो टाकला की माझ्या फोनवर सूचना येणार, मी त्याला लाईक दिला की त्यांच्या फोनवर टिंग वाजणार. वाचायचं काही नाही आणि चुकून तिसऱ्याकडे जायचं नाही. कुठं दाबायचं ते डाव्या हाताला शिकवायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या बसमध्ये बसते न बसते तोच पहिला फोटो आला. आमच्या दारातलं जास्वंद. मी लाईक दिला. मग जास्वंदाखाली बसलेली मांजर. मग मांजर गेल्यावरची रिकामी जागा. मला बसमध्येच रडू आलं. दीड वर्षांनी बाबा माझ्याशी बोलत होते.

बोलायचे तरी किती! वरणाची वाटी, त्यात मीठ कमी असलं की वाटीशेजारी मिठाची बरणी. पाय दुखला की पायाचा फोटो. आई शेजारणीशी बोलत उभी राहिली की तिची पाठ आणि पुढच्या फोटोत घड्याळ, म्हणजे बघ, केव्हाची बोलते आहे. एकदा पंख्याचा फोटो आला. मी आईला फोन करून विचारलं, पंखा बंद आहे का? ती म्हणाली, "बाप्पा, तुले तिथं बसून कसं समजते? लाइन गेली ना सकाळपासून." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो अभिमान दोन-अडीच महिने टिकला.

खरं सांगायचं तर मग मला त्याचा कंटाळा येऊ लागला. मी तापट आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं तरी कळेल. वर्गात फोन थरथरायचा, स्टाफरूममध्ये टिंगटिंग वाजायचा. बिस्किटाचा पुडा. खिडकी. पुन्हा तीच खिडकी. उत्तर नाही मिळालं की तोच फोटो दुसऱ्यांदा यायचा. फोन पूर्ण गप्प करावा तर कॉलेजचा, आईचा कॉल चुकायची भीती. परीक्षेच्या काळात मी पर्यवेक्षक असताना टेबलावरचा फोन इतक्या वेळा वाजला की प्राचार्यांनी दारात उभं राहून नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी आलेला फोटो होता नखाचा. कापायला झालेलं नख.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी भूगोलाचे सर बसतात. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन तुमच्यापेक्षा जास्त बोलून राह्यला. आणा इकडे." त्यांच्याकडेही आयफोन होता. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, त्यात शेड्यूल्ड समरी. "हे सुरू करा. जे अर्जंट नाही ते सगळं एका गठ्ठ्यात बांधून दिवसातून दोनदा देते. सकाळी आठ अन् संध्याकाळी सहा. बाकी दिवसभर शांतता."

मी विचारलं, आणि खरंच महत्त्वाचं काही असलं तर?

"कॉल थांबत नाही, कोणी सरळ मेसेज केला तर तोही लगेच येतो. स्क्रीनवर लिहिलंच हाये, पाहा ना."

लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि मला ते पटलं. कॉल आणि मेसेज लगेच. माझे बाबा कॉल करू शकत नव्हते आणि मेसेज लिहू शकत नव्हते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. ते मी त्या वाक्याशी जोडून पाहिलं नाही, एवढंच.

मग फोनने ॲपची यादी दाखवली. कोण रोज सरासरी किती सूचना पाठवतो, तेही समोर लिहिलेलं. सगळ्यात जास्त त्रास देणारा सगळ्यात वर. खरेदीची ॲप, बातम्या, बँकेच्या जाहिराती या सगळ्यांच्या वर होतं फोटोज. सर हसले. "कोण हाये एवढा फोटोग्राफर?" मी म्हटलं, आहे एक. आणि फोटोजवर खूण केली. वेळ बदलायची सोय होती, आणखी वेळा वाढवायचीही होती. दुपारी एकची एक वेळ घालता आली असती. मी आठ आणि सहा तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुख. सकाळी आठला लॉक स्क्रीनवर एक चौकट यायची, चहा पिता पिता मी ती उघडायची. साड्यांवर सूट, कुठल्याशा मालिकेचा नवा भाग आणि बाबांचे रात्रीपासूनचे फोटो. पटापट लाईक देत जायचं. कपबशी विसळेपर्यंत बाबा आटोपलेले असायचे. संध्याकाळी सहाला पुन्हा तसंच, भाजी चिरता चिरता. मधे फोन गप्प. फोटोंचं ॲप मी मधेच उघडलं असतं तर ते फोटो तिथे होतेच. फोन काही लपवून ठेवत नव्हता, नुसता सांगत नव्हता. मी मात्र उघडलं नाही. ज्यासाठी सोय केली तीच मोडायची कशाला?

काही बारीकसारीक गोष्टी निसटल्या. एकदा सहाच्या गठ्ठ्यात दुपारी बारानंतरचा फोटो निघाला, रिकाम्या ताटाचा. त्यानंतर अर्ध्या अर्ध्या तासाने त्याच ताटाचे आणखी दोन. आई त्या दिवशी मयतीला गेली होती आणि शेजारीण जेवण द्यायला विसरली होती. मी फोन केला तेव्हा आई परत आली होती, बाबा जेवले होते. मी स्वतःला म्हटलं, एक वेळ उशीर झाला, काय बिघडलं. बाबांना मात्र मी समरीबद्दल काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं, समजलं असतं त्यांना. पण काय सांगणार होते? की बाबा, तुम्ही अर्जंट नाही?

त्यानंतर हळूहळू त्यांचे फोटो कमी झाले. पुढे एक मजेशीर गोष्ट झाली. दिवसभराचे विखुरलेले फोटो यायचेच बंद झाले. सकाळी आठच्या गठ्ठ्यात सगळे आठला दहा-पंधरा मिनिटं असताना टाकलेले, संध्याकाळचे सहाच्या जरा आधीचे. मला वाटलं, बरं झालं, माणूस शांत झाला, त्यांनाही दिवसभर फोन हातात घ्यायचा कंटाळा आला असेल. भूगोलाच्या सरांना मी हे सांगितलंही, जणू काही माझ्या संगोपनाला यश आलं होतं.

पोळ्याला घरी गेले तेव्हा बाबांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर एक वही होती. माझीच शाळेतली, अर्धी कोरी राहिलेली. त्यात डाव्या हाताने काढलेले वेडेवाकडे आकडे. दोन रकाने. मधे रेघ, तीही वाकडी. ७.५०, ८.१०. ५.४५, ६.२५. मी आईला विचारलं, हे काय?

"काय माहीत. स्टँडवरचं वेड. गाड्या लिहून राह्यले." ती हसली. "लिहू दे. तेवढाच टाइम जाते त्याइचा."

मीही हसले. बाबांनी वही मिटून मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं असल्यासारखं पाहिलं. मी म्हटलं, "काय बाबा, यवतमाळ गाडी लेट आहे का?" ते नाही हसले. मला वाटलं, थट्टा आवडली नाही.

त्या वर्षी कापूस वेचणीला बायका मिळत नव्हत्या. आमची चार एकर आहे, नदीच्या बाजूला. मजुरांबरोबर आपणही ओळ धरली तर काम उरकतं, म्हणून आई रोज सकाळी नऊला ऑटोने शेतात जायची आणि पाचला परतायची. दुपारी एक वाजता शेजारीण बाबांना ताट द्यायची. बाबा खुर्चीत, काठी हाताशी, फोन मांडीवर. असं पंधरा-वीस दिवस नीट चाललं होतं.

त्या दिवशी सहाचा गठ्ठा मी सहा-वीसला उघडला. गवारीच्या शेंगा मोडत होते. बाबांचे तीन फोटो. पहिल्यात जमिनीवर पडलेली एक चप्पल, डाव्या पायाची. दुसऱ्यातही तीच चप्पल, जरा हललेली. तिसरा तर नुसता धूसर, भिंतीचा कोपरा असावा. मी मनात म्हटलं, आता चपलेचं काय काढलं यांनी, अंगठा तुटला असेल, नवी आणावी लागेल. तिन्हींनाही लाईक दिला आणि शेंगा मोडू लागले.

सात वाजायच्या आत आईचा फोन आला. ती ओरडतच होती. "पडले वो ते! उठून राह्यलते खुर्चीतून अन् एकदम पडले. डावा हात पाह्य ना, लोंबकळूनच राह्यला. तोंड वाकडं झालं."

मी तिला म्हटलं, शेजाऱ्यांची गाडी काढ आणि सरळ यवतमाळला आण, मी दवाखान्यात थांबते. साडेआठला ते पोचले. स्ट्रेचरवर बाबा जागे होते. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड उघडलं. या वेळी "आँ"सुद्धा आला नाही.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, नेमकं कधी सुरू झालं? आई म्हणाली, साडेसहाला पडले. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "मग वेळ आहे. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नीट आठवा. त्याआधी काही त्रास? चालताना पाय ओढत होते का? पायातली चप्पल निसटत होती का?"

चप्पल.

माझा जुना फोन आईच्या पिशवीत होता, तिने सवयीने घेतला होता. मी तो उघडला. पासकोड माझाच जुना. शेवटचे तीन फोटो. पहिल्या फोटोच्या वर वेळ होती, सकाळचे ९.१२. दुसरा ११.४०. तिसरा दुपारी ३.०५, तो धूसर होता कारण तोवर हातही जाऊ लागला असणार. आणि तिन्ही अल्बममध्ये टाकलेले पावणेसहानंतर. मी नऊ-बाराकडे बघत राहिले. आई नऊला ऑटोत बसली होती. म्हणजे ती वळणावरून दिसेनाशी झाली असेल तोच.

क्षणभर मला वाटलं, सांगूच नये. साडेसहा म्हणजे साडेसहा, देऊ देत इंजेक्शन, लागू पडलं तर पडलं. दुसऱ्या क्षणी त्या विचाराची किळस आली. मी फोन डॉक्टरांसमोर धरला. म्हटलं, सकाळी सव्वानऊपासून आहे. त्यांनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हा फोटो तुम्हाला कधी मिळाला?"

मी म्हटलं, "सहाला."

त्यांनी कागदावर ९.१२ लिहिलं आणि बाबांना स्कॅनला पाठवलं. स्कॅनमध्येही तेच दिसलं. इंजेक्शन दिलं नाही. आई मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "पण यायनं सकाळीच काहून नाही पाठवला फोटो? रोज तर पाठवते. दिवसभर बसून राह्यले तसेच, शेजारणीनं ताट ठेवलं, मी पाचले आली, तरी काही खुणावलं नाही!" मी म्हटलं, झोप लागली असेल. मला खरंच माहीत नव्हतं.

चार दिवसांनी बाबांचे कपडे आणायला आर्णीला गेले. घर बंद, जास्वंदाखाली मांजर. स्टुलाशेजारी वही जमिनीवर पडलेली होती. मी ती उचलली आणि पहिल्या पानापासून पाहिली. पोळ्याला मी फक्त शेवटचं पान बघितलं होतं.

पहिल्या पानावर डाव्या रकान्यात दिवसभराच्या वेळा होत्या. ७.१५, ९.४०, ११.०५, १२.३०, १.००, १.३०, ४.१०. उजव्या रकान्यात पहिल्या वेळेसमोर ८.०५ आणि बाकी सगळ्यांसमोर एकच आकडा. ६.२०, ६.२०, ६.२०. पान उलटलं, तसंच. आणखी उलटलं, तसंच. मग डावीकडचे आकडे सरकायला लागले. ९.४० नाहीसं झालं. दुपार नाहीशी झाली. पाचव्या-सहाव्या पानापासून डाव्या रकान्यात रोज फक्त दोन वेळा उरल्या होत्या, आठच्या जरा आधीची आणि सहाच्या जरा आधीची.

गाड्याच लिहीत होते ते. डावीकडे फोटो सुटल्याची वेळ, उजवीकडे माझा लाईक पोचल्याची. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाने पंधरा दिवसांत माझं वेळापत्रक काढलं होतं. मुलीची गाडी दिवसातून दोनदा सुटते. आठची आणि सहाची. मधे येऊन उभं राहण्यात अर्थ नाही. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पायातली चप्पल निसटली तेव्हा त्यांनी फोटो काढून ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं असणार. गेली. आता सहाची.

आणि त्यांनी तो तेव्हाच पाठवला असता तरी? तरीही मला सहालाच कळला असता. हे मी कितीही बाजूंनी मोजून पाहिलं तरी सुटका होत नाही. त्यांचा हिशोब बरोबर होता.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती, जवळजवळ वाचता न येणारी. ५.४८. उजवीकडचं घर कोरं. मी आईला दवाखान्यात विचारलं, पडले तेव्हा नेमकं काय करत होते? ती म्हणाली, "काही नाही वो. फोन वाजला टिंग करून, अन् वही खाली पडलती ना, ते घ्याले उठले."

मी तिला वहीत काय लिहिलं होतं ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. तिच्या दृष्टीने त्या गाड्याच आहेत.

शेड्यूल्ड समरी मी दवाखान्याच्या बाकावर बसूनच बंद केली होती. आता माझा फोन दिवसभर वाजतो. साड्या, बातम्या, बँक, सगळे वाजतात आणि मी प्रत्येक वेळी दचकून बघते. फोटोजची सूचना येत नाही. बाबांचा डावा हात मनगटापासून जरासा उचलला जातो, पण फोन धरू शकत नाही. भूगोलाच्या सरांनी एकदा विचारलं, "काय मॅडम, पुन्हा सुरू झाला का गोंधळ? ते समरी लावा ना." त्यांचा काय दोष? मी म्हटलं, नको सर, असू दे.

हल्ली मी दर शनिवारी दुपारी जाते. मागच्या शनिवारीही गेले. बाबा खुर्चीत होते, मांडीवर चादर. फोन त्यांच्या मांडीवर ठेवावा लागतो, नाही तर ते अस्वस्थ होतात. मी स्टूल ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. जास्वंदाला आलेल्या कळ्यांबद्दल बोलले. कॉलेजमधल्या गमती सांगितल्या. मधे मधे विचारत होते, "बाबा, काही पाहिजे का? पाणी देऊ? पाय दुखतो का?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेचार, पाच, साडेपाच. मला वाटलं, लक्ष नाही, थकले असतील. म्हटलं, "बाबा, मी इथंच आहे. तुमच्यासमोर बसले आहे. कधीही सांगा." ते घड्याळाकडेच बघत राहिले.

सहा वाजले. बाबांनी मान वळवली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर खाली चादरीकडे नेली.

मी हात लावून बघितलं. चादर ओली होती, आणि केव्हाच गार पडली होती.